बचत खात्यातले पैसे बँक परस्पर वळते करते तेव्हा

सकाळी पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि दुपारी एटीएम सांगते, पुरेशी शिल्लक नाही. पासबुक भरून घेतले की कारण कळते: थकीत कर्जापोटी रक्कम नावे टाकली आहे. माझी सही नाही, कोर्टाचा हुकूम नाही, मग बँकेने माझ्या पैशांना हात लावलाच कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. बँकेला तसा अधिकार आहे. त्याला सेट-ऑफ म्हणतात. मात्र या अधिकाराला ठरलेल्या मर्यादा आहेत, आणि त्या माहीत असलेल्या खातेदाराला बँकेला नेमके प्रश्न विचारता येतात.

खात्यात भरलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने बँकेची होते आणि त्या रकमेपुरती बँक तुमची देणेकरी बनते. तुम्ही त्याच बँकेचे कर्ज घेतले की तुम्हीही तिचे देणेकरी झालात. किराणा दुकानदाराकडे तुमची उधारी आहे आणि त्यानेही तुमच्याकडून दूध घेतले आहे, तर महिनाअखेरीस दोघे वजाबाकी करून उरलेले तेवढे देतात. इथे तेच होते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 171 ने बँकांना आपल्या ताब्यात आलेल्या ग्राहकाच्या मालमत्तेवर हक्क दिलाच आहे. शिवाय कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डाच्या करारात ‘थकबाकीपोटी कोणत्याही खात्यातील रक्कम वळती करता येईल’ अशा अर्थाचे कलम बहुधा असतेच. त्यामुळे सही घेतली नाही असे आपल्याला वाटते, पण ती कर्ज घेताना झालेली असते.

आता किती रक्कम घेता येते ते पाहू. समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेचे पगाराचे खाते आणि वैयक्तिक कर्ज एकाच बँकेत आहे. कर्जाची बाकी 2,60,000 रुपये, हप्ता 9,400 रुपये. दोन हप्ते चुकले, म्हणजे 18,800 रुपये थकले. खात्यात 70,000 रुपये आहेत. बँक आधी मेसेज आणि पत्रे पाठवते, मग बहुधा खात्यावर ‘लीन’ लावते. त्यावेळी पासबुकात शिल्लक 70,000 च दिसते, पण काढता येणारी रक्कम तेवढ्याने कमी होते. नेट बँकिंगमध्ये एकूण शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक यांत फरक दिसला, तर लीन लागल्याची ती खूण. यानंतर प्रत्यक्ष रक्कम नावे पडते.

या टप्प्यावर बँकेचे येणे किती? 18,800 रुपये आणि करारात लिहिलेला दंड. उरलेल्या कर्जाचे हप्ते पुढच्या महिन्यांचे आहेत, ते अजून देय झालेले नाहीत, आणि देय न झालेल्या रकमेसाठी आजची ठेव वळती करता येत नाही. पण बहुतेक करारांत असेही लिहिलेले असते की हप्ते थकले तर बँक संपूर्ण कर्ज एकदम परत मागू शकते. तशी नोटीस बँकेने काढली की 2,60,000 रुपये एकाच वेळी देय होतात आणि मग सगळे 70,000 जाऊ शकतात. म्हणून बँकेचे पत्र आले की ते केवळ थकलेले हप्ते भरा असे सांगते आहे, की पूर्ण कर्ज परत मागते आहे, हे आधी नीट वाचावे. पूर्ण कर्ज मागितलेले नसताना खाते रिकामे केले असेल, तर तक्रारीला जागा आहे.

दुसरी मर्यादा माणसाची. कर्ज आणि ठेव एकाच व्यक्तीची आणि एकाच नात्याने असावी लागते. मुलाच्या कर्जापोटी आईचे स्वतंत्र खाते वळते करता येत नाही, आणि भागीदारी पेढीच्या कर्जासाठी एका भागीदाराच्या वैयक्तिक ठेवीला हात लावायचा तर त्याने तशी जबाबदारी करारात घेतलेली असावी लागते. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यातून एकट्या नवऱ्याचे कर्ज वसूल करणेही, दोघांनी तसे लिहून दिलेले नसेल तर, सहसा टिकत नाही. एकमालकी दुकानाचे मात्र तसे नाही. दुकान आणि मालक कायद्याने एकच. जामीनदारानेही गाफील राहू नये. कर्जदाराने बुडवले आणि बँकेने जामीनदाराकडे मागणी केली, की ते कर्ज त्याचेही होते आणि त्याचे बचत खाते या कक्षेत येते.

शाखा वेगळी म्हणून सुटका नाही, कारण सगळ्या शाखा मिळून बँक एकच. विलीनीकरणामुळे तर दोन बँकांची एक बँक झाली आहे. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात, तर सिंडिकेट बँक 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. देना बँकेत जुने कर्ज आणि बडोदा बँकेत पगार असणाऱ्यांची दोन्ही खाती आज एका छपराखाली आहेत. उलट स्टेट बँकेच्या नावाचे एसबीआय कार्ड ही वेगळी कंपनी आहे. त्यामुळे तिचे येणे हे स्टेट बँकेचे आपोआप येणे ठरत नाही. तशी परवानगी तुम्ही एखाद्या करारात दिली आहे का, ते पाहावे लागते.

काही पैशांना विशेष संरक्षण आहे. निवृत्तिवेतनावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार जप्ती येत नाही. निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम बँकेत ठेवली तरी तिचे हे स्वरूप बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब नॅशनल बँकेशी संबंधित एका प्रकरणात म्हटले आहे. तो निकाल कोर्टाच्या जप्तीबद्दलचा आहे. तरी पेन्शन वळती झाल्यावर भांडताना तो दाखवता येतो. अतिवृष्टी किंवा अवकाळीची मदत जाहीर करताना महाराष्ट्र शासन बहुधा निर्णयातच लिहिते की या रकमेतून बँकांनी कर्जवसुली करू नये. तरीही खात्यावर होल्ड लागतो, आणि शेतकऱ्यांना तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावे लागते. अशा वेळी त्या शासन निर्णयाची प्रत सोबत न्यावी.

रक्कम अडकली की पहिली चौकशी ही, की होल्ड कोणाच्या सांगण्यावरून लागला. सायबर पोलीस, आयकर खाते किंवा कोर्ट यांच्या आदेशाने खाते गोठते ते सेट-ऑफ नव्हे. तिथे बँक केवळ हुकूम पाळते आणि दाद त्या खात्याकडे मागावी लागते. बँकेने स्वतःच रक्कम घेतली असेल तर शाखेला लेखी अर्ज द्यावा: कोणत्या कर्जाची किती थकबाकी, ती कोणत्या तारखेला देय झाली, करारातले कोणते कलम वापरले आणि नोटीस कधी पाठवली. त्याची पोच घ्यावी. त्याच दिवशी आधी दिलेले चेक आणि इतर हप्ते तपासावेत, कारण खाते रिकामे झाल्यावर ते परत जातात आणि दंडाची नवी मालिका सुरू होते.

30 दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. हप्ता थकण्याची चिन्हे आधीच दिसत असतील तर पगार दुसऱ्या बँकेत वळवण्यात बेकायदा काही नाही. त्याने घरखर्चाचे पैसे वाचतात, कर्ज मात्र तसेच राहते. सिबिलवरची नोंद आणि वसुलीचा दावा टळत नाही. म्हणून खाते बदलतानाच बँकेकडे हप्ता कमी करण्याचा किंवा मुदत वाढवण्याचा अर्ज द्यावा, आणि तो थकबाकी एका हप्त्याची असतानाच द्यावा. पूर्ण कर्ज परत मागणारी नोटीस निघाल्यावर बोलणी करायला फारशी जागा उरत नाही.