वितभर पडद्यावरची अक्षरे

चित्रात ‘भाजलेली’ अक्षरे, म्हणजे बर्न-इन कॅप्शन, हा शब्दप्रयोग आज रूपक वाटतो. १९३०च्या दशकात तो जवळजवळ शब्दशः खरा होता. बोलपट परदेशात दाखवायचे तर भाषांतर पडद्यावर हवे, म्हणून ऑस्लो आणि बुडापेस्टमध्ये फिल्मवरच अक्षरे कोरण्याच्या पद्धती निघाल्या. फिल्मवर मेणाचा पातळ थर द्यायचा, तापवलेल्या खिळ्यांनी त्यात अक्षरे उमटवायची आणि मग फिल्म रसायनात बुडवायची. जिथे मेण हटले तिथले चित्र रसायन खाऊन टाकी. उरे ती पारदर्शक फिल्म, आणि तिच्यातून प्रोजेक्टरचा उजेड सरळ पडद्यावर पडे. अक्षर पांढरे दिसायचे ते रंगामुळे नव्हे, चित्रच नाहीसे झाल्यामुळे.

या पद्धतीचा दोषही तिच्यातच होता. बर्फावर, पांढऱ्या सदऱ्यावर, टेबलावरच्या चादरीवर ही अक्षरे आली की दिसेनाशी होत. अक्षराचा आकार, मागच्या चित्राशी त्याचा उठाव आणि ते वाचायला मिळणारा वेळ, हे तीन प्रश्न तेव्हाच उभे राहिले. गेल्या नव्वद वर्षांत पडदा सिनेमागृहातून दिवाणखान्यात आणि तिथून तळहातावर आला. प्रश्न तेच राहिले, ते मोजण्याची पट्टी मात्र प्रत्येक वेळी बदलावी लागली.

सर्वांत आधी वेळेची पट्टी ठरली. तिला ‘सहा सेकंदांचा नियम’ म्हणतात: भरगच्च दोन ओळी, म्हणजे साधारण ७२ रोमन अक्षरे, पडद्यावर सहा सेकंद राहावीत. सेकंदाला बारा अक्षरे. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठात गेरी द’इडेवाल आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून हा नियम तपासायला घेतला. त्याआधी तो अनुभवी हातांचा अंदाज होता.

टीव्हीने उठावाचा प्रश्न सोडवला. बीबीसीच्या सीफॅक्स या टेलिटेक्स्ट सेवेवर कॅप्शन येऊ लागली, ती काळ्या पट्टीवर. पट्टीमागचे चित्र झाकले जाई, पण अक्षर कुठेही हरवत नसे. बीबीसीने वेगही शब्दांत सांगितला: मिनिटाला १६० ते १८० शब्द. टेलिटेक्स्टची कॅप्शन प्रेक्षकाला बंद करता येत, ती चित्रापासून वेगळी होती.

भारतात चित्रातच छापलेल्या अक्षरांचा सर्वांत चिकाटीचा प्रयोग अहमदाबादेत झाला. आयआयएममधले ब्रिज कोठारी यांना १९९६मध्ये कल्पना सुचली: गाण्याच्या भाषेतच गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवायचे, म्हणजे जेमतेम वाचता येणाऱ्यांचा सराव आपोआप होईल. १९९९मध्ये दूरदर्शनच्या गुजराती ‘चित्रगीत’मध्ये ते सुरू झाले, पुढे हिंदी ‘चित्रहार’मध्ये आले आणि त्याच्या पुढच्या दशकात झी टॉकीजवरच्या मराठी चित्रपटांनाही लागले. इथे वाचक सराईत नव्हता. त्याला गाण्याच्या लयीचा आधार होता आणि जो शब्द गायला जाई त्याचा रंग बदले. त्यामुळे ‘सेकंदाला किती अक्षरे’ हे माप पुरेसे नाही, वाचणारा कोण हेही पाहावे लागते, ही गोष्ट या प्रयोगाने स्पष्ट केली.

मग फोन आला. २००७च्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता. २०१३पासून फेसबुकवर व्हिडिओ आवाजाविना आपोआप सुरू होऊ लागले, आणि कॅप्शन असलेल्या जाहिराती सरासरी १२ टक्के जास्त वेळ पाहिल्या जातात असे त्या कंपनीने २०१६मध्ये जाहीर केले. कॅप्शन चित्रात भाजून टाकण्याला पुन्हा जोर आला. मराठीला याचा एक फायदा होता. जुन्या अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत किंवा जोडाक्षरे फुटत, भाजलेले अक्षर मात्र प्रत्येक फोनवर जसेच्या तसे दिसे. किंमत अशी, की ते मोठे करणे प्रेक्षकाच्या हातात राहिले नाही. बनवणाऱ्याचा अंदाज चुकला, तर तो सगळ्यांसाठी चुकला.

हा अंदाज बहुधा आकारात चुकतो. संपादक कॅप्शनचा आकार चित्राच्या उंचीच्या टक्क्यांत ठरवतो, डोळा तो कोनात मोजतो. गॉर्डन लेगी आणि चार्ल्स बिगलो यांनी २०११मध्ये छापील आणि पडद्यावरच्या अक्षरांचा मोठा आढावा घेतला. सामान्य दृष्टीच्या माणसाला सहज वाचायला रोमन लहान अक्षराची, म्हणजे ‘x’ची, उंची डोळ्याशी किमान ०.२ अंशांचा कोन करणारी हवी, असे त्यांनी दाखवले. त्याखाली वाचता येते, पण वेग झपाट्याने पडतो.

आता एक व्हिडिओ घेऊ. आडवा, १९२० बाय १०८० पिक्सेलचा, इंग्रजी कॅप्शनचा फॉन्ट उंचीच्या पाच टक्के म्हणजे ५४ पिक्सेल. त्यातला ‘x’ साधारण निम्मा. ४३ इंची टीव्हीवर चित्राची उंची सुमारे ५३५ मिलिमीटर, म्हणून ‘x’ सव्वातेरा मिलिमीटरच्या आसपास. अडीच मीटरवरून तो ०.३ अंशांचा होतो. तोच व्हिडिओ फोन आडवा धरून पाहिला, तर चित्राची उंची ६८ मिलिमीटर आणि ‘x’ १.७ मिलिमीटर. तीस सेंटिमीटरवरून पुन्हा ०.३ अंश! पण लोक फोन उभा धरतात. आडवे चित्र मग ६८ मिलिमीटर रुंदीत बसते, त्याची उंची उरते ३८ मिलिमीटर आणि ‘x’ एक मिलिमीटरच्याही आत येतो. कोन ०.१८ अंश. मांडीवर फोन ठेवून चाळीस सेंटिमीटरवरून पाहणाऱ्याला तर त्याहून बराच कमी.

फॉन्ट बदलला नाही, व्हिडिओ बदलला नाही. फक्त मनगट वळले आणि कॅप्शन उंबरठ्याखाली गेले. देवनागरीत ‘x’ नाही, म्हणून मात्रा नसलेल्या ‘क’ची पायापासून शिरोरेषेपर्यंतची उंची मोजणे सोयीचे ठरते. मात्र ०.२ अंशांचा उंबरठा रोमन वाचकांवरून आला आहे. ‘ष्ट्य’सारख्या जोडाक्षरात तेवढ्याच उंचीत कितीतरी जास्त रेघा दाटतात, म्हणून देवनागरीसाठी तो तळ समजावा, लक्ष्य नव्हे.

उठावासाठी २००८पासून वेबवर एक सूत्र प्रमाण झाले. उजळ रंगाच्या दीप्तीत ०.०५ मिळवायचे, गडद रंगाच्या दीप्तीतही तेवढेच मिळवायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. काळ्यावर पांढरे २१ येते. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ हवे, मोठ्या अक्षरांसाठी ३. फिकट निळ्या आकाशावर (`#87CEEB`) पांढरे कॅप्शन ठेवले तर उत्तर जेमतेम १.७ येते. उपाय म्हणून अनेक जण अर्धपारदर्शक काळी पट्टी ठेवतात. मागे शुभ्र पांढरे चित्र आले, तर ५० टक्के काळ्या पट्टीवर पांढरे अक्षर ४ पर्यंतच पोहोचते, म्हणजे साध्या मजकुराच्या अटीत बसत नाही. पट्टी ६० टक्के केली की ५.७ मिळतात. हा दहा टक्क्यांचा फरक नुसत्या डोळ्यांना सहज लक्षात येत नाही.

सूत्र मात्र स्थिर पानासाठी बनले होते. व्हिडिओत मागचे चित्र हलते, म्हणून कॅप्शन दिसते तेवढ्या काळातली सर्वांत उजळ फ्रेम शोधून तिच्यावर माप घ्यावे लागते, सरासरी फसवते. शिवाय व्हिडिओ दाबून लहान करताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची माहिती मात्र चार पिक्सेल मिळून एकच. निळ्यावर लाल अक्षराच्या कडा त्यामुळे फुटतात आणि नेटवर्क मंद होऊन चित्र ३६० ओळींवर उतरले की अनुस्वार पुसला जातो. उन्हाचा परिणाम वेगळाच. समजा पडद्याचा पांढरा ५०० निट उजेड देतो आणि गडद पट्टी १० निट. सावलीत उभे असतानाही काचेवरून २८० निट परतले, तर ती भर दोन्हींत पडते: ५०ला १ असलेला उठाव २.७ला १ होतो.

तिसरी पट्टी वेगाची. २०१८मध्ये अग्निएष्का शार्कोव्स्का आणि ऑलिव्हिया गेर्बर-मोरोन यांनी सेकंदाला १२, १६ आणि २० अक्षरांची सबटायटल डोळ्यांच्या हालचालींवर तपासली. बहुतेक प्रेक्षक २०लाही पुरे पडले, उलट संथ सबटायटल लोक पुन्हा पुन्हा वाचत होते. जुना बारा अक्षरांचा नियम ढासळला. पण ते प्रयोग संगणकाच्या पडद्यावरचे होते, आणि अक्षरे रोमन होती.

मराठीत ‘अक्षर’ मोजायचे कसे, हाच पहिला पेच. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द युनिकोडच्या हिशेबात ११ चिन्हांचा, वाचणाऱ्याच्या लेखी तीन अक्षरांचा: स्वा, तं, त्र्य. मजकुराचे अक्षरसमूह मोजणारा युनिकोडचा नियम बराच काळ हलन्तानंतर तोडत असे, त्यामुळे उत्तर सहा येई. सप्टेंबर २०२३च्या १५.१ आवृत्तीत तो सुधारला आणि तीन हे उत्तर मिळू लागले.

याचा परिणाम एका कॅप्शनवर पाहा: ‘स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच गावात वीज आली’. वेळ दोन सेकंद. मोकळ्या जागा धरून युनिकोडची ४२ चिन्हे, म्हणजे सेकंदाला २१. वीसची मर्यादा लावणारे सॉफ्टवेअर लाल खूण देईल. वाचणाऱ्याची अक्षरे आणि जागा मिळून २२, म्हणजे सेकंदाला ११, अगदी संथ. शब्द पाच, म्हणजे मिनिटाला १५०, बीबीसीच्या कक्षेच्या जरा खाली. एकाच ओळीवर तीन निकाल. लाल खूण पाहून मजकूर कापणारा संपादक ‘पहिल्यांदाच’ उडवेल आणि ओळीचा जीवच जाईल. नुसती अक्षरे मोजणारा मात्र जोडाक्षरांना साध्या अक्षराइतकाच वेळ देऊन बसेल.

अलीकडच्या उभ्या व्हिडिओंत या सगळ्याला वळसा घालणारी रीत रुजली आहे: पडद्याच्या मधोमध एकेकच शब्द, ठळक आणि मोठा. आकार आणि उठाव दोन्ही साधतात, शिवाय खालची बटणे अक्षरांवर येत नाहीत. पण वाचताना डोळा दर आठ-दहा उड्यांत एखादी उडी मागे घेतो. एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रान आणि कीथ रेनर यांनी २०१४मध्ये वाचकांना मागे वळण्याची मुभाच ठेवली नाही, तेव्हा आकलन घसरले. एकेक शब्दाच्या कॅप्शनमध्ये मागे वळायला जागाच नसते, गेलेला शब्द पडद्यावर उरलेला नसतो.

विजेच्या त्या ओळीचे दोन तुकडे केले, पहिल्यात ‘स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच’ आणि दुसऱ्यात ‘गावात वीज आली’, तर उभ्या फोनवर फॉन्ट मोठा ठेवता येतो आणि डोळ्याला मागे फिरायला शब्दही उरतो. दोन सेकंद वाटताना मात्र जोडाक्षरांच्या पहिल्या तुकड्याला सव्वा सेकंद द्यावे लागतात, दुसऱ्याला पाऊणात भागते.