पाण्याचा हबका आणि बिडाचा तवा

माटुंग्याच्या जुन्या उडुपी हॉटेलांत डोसे घालणारा माणूस पीठ ओतण्याआधी काय करतो, ते नीट बघावं. एक उतरला की तो तापलेल्या जाड लोखंडी पत्र्यावर पाण्याचा हबका मारतो, झाडूने किंवा फडक्याने ते पाणी झटकन सारून काढतो आणि पुढचं पीठ ओततो. दिवसभर, प्रत्येक फेरीला हेच. पाहणाऱ्याला वाटतं, तो पत्रा पुसतोय. पुसणं होतंच, पण खरं काम वेगळं आहे. तो पत्रा थंड करत असतो.

घरी बिडाच्या तव्यावर डोसा चिकटतो किंवा मऊ राहतो तेव्हा आपण पिठाला दोष देतो. पीठ बिघडलेलं असूही शकतं. पण तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथ्या आणि मूठभर पोहे घालून वाटलेलं, रात्रभर नीट फुगलेलं पीठ असेल, तर बहुतेक वेळा दोष तव्याच्या उष्णतेचा असतो. कुरकुरीत डोशाला दोन वेगळे ताप लागतात. पीठ पसरताना तवा थोडा उतरलेला हवा आणि भाजताना चांगला चढलेला.

त्याचं कारण तांदळात आहे. पिठातला निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. ते भलत्याच तापलेल्या तव्यावर पडलं की तळच्या पाण्याची क्षणात वाफ होते, तांदळाचं पिष्ट तिथल्या तिथे शिजून घट्ट होतं आणि डाव फिरवायला जावं तर पीठ डावालाच चिकटून वर येतं. मधे भोकं, कडेला गोळे. तवा थंड असला तर उलटं होतं. पीठ सुरेख पसरतं, पण तळाला कवच धरण्याआधीच ते तव्याच्या खडबडीत पृष्ठभागात मुरतं आणि मग उलथनं लावलं की तुकडे होतात. जाळीही पडत नाही, कारण जाळी म्हणजे वाफेने फोडलेली वाट.

आता पाण्याची परीक्षा. तव्यावर बोटांनी चार थेंब शिंपडा आणि ते काय करतात ते पाहा, ऐका. थेंब नुसते पसरून हळूहळू सुकले तर तवा कच्चा आहे. पडताक्षणी ‘चर्र’ आवाज करून, फसफसून एकदोन सेकंदांत नाहीसे झाले तर तवा डोशाजोगा तापला आहे. आणि थेंब न सांडता गोल मण्यांसारखे तव्यावर पळू लागले, तर तवा जास्त तापला. पुष्कळ जण या पळणाऱ्या मण्यांनाच चांगली खूण मानतात. स्टीलच्या भांड्यात भाजी परतायला ती खूण चालते, डोशाला नाही. साधारण दोनशे अंशांच्या आसपास किंवा त्याच्या वर गेल्यावर थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार होते आणि थेंब त्या गादीवर तरंगतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने १७५६ साली हे वर्णन करून ठेवलं आहे. त्या तापाला पीठ ओतलं तर पसरण्याआधीच शिजतं.

मणी पळाले तर गॅस मंद करून आणखी थोडं पाणी शिंपडायचं. पाणी वाफ होताना तव्यातली बरीच उष्णता घेऊन जातं. फसफस थांबली की लगेच पुसून पीठ घालायचं. हॉटेलातला हबका हाच. घरच्या तव्याला मात्र शिंतोडेच पुरेत. लालबुंद तापलेल्या बिडावर पेलाभर गार पाणी ओतलं तर तो तडकू शकतो, कारण बीड कठीण असतं तसंच ठिसूळही असतं.

एक डोसा सुरुवातीपासून घालून पाहू. बीड उष्णता धरून ठेवतं, पण ती पसरवतं फार सावकाश. म्हणून मोठ्या आचेवर दोन मिनिटांत तापवलेल्या तव्याचा मधला भाग जळत असतो आणि कडा थंड असतात. मंद ते मध्यम आचेवर सातआठ मिनिटं तापू द्यावा. मग तेलाचे दोनतीन थेंब टाकून अर्ध्या कापलेल्या कांद्याने तवा चोळावा. कोकणात यासाठी नारळाची शेंडी किंवा वांग्याचं देठही वापरतात. तेल दिसायला नको, तव्याला नुसती तुकतुकी हवी. तेलाचं तळं राहिलं तर पीठ तव्याला धरत नाही, डावाबरोबर गोल गोल घसरत राहतं. आता पाण्याचे शिंतोडे, ‘चर्र’, पुसणं, आच मंद. मधोमध एक डाव पीठ ओतून, डावाचा तळ पिठावर नुसता टेकवत, आतून बाहेर एकाच दिशेने फिरवा. दाबलं की तुटतं. पसरून झालं की आच लगेच वाढवा आणि कडेने अर्धा चमचा तेल सोडा. वरचा ओलसरपणा गेला, कडा आपणहून सुटल्या आणि पिठातून तांबूस रंग वर दिसू लागला की डोसा झाला. पातळ डोसा उलटायची गरज नाही. कडा सुटायच्या आधी उलथनं घालू नये. कवच पूर्ण झालं की डोसा स्वतःच तवा सोडतो. पुढच्या डोशाआधी पुन्हा आच मंद करायची आणि पुन्हा पाणी शिंपडायचं.

एवढं सगळं करूनही डोसा सुटेल तो तवा मुरलेला असेल तरच. मुरणं म्हणजे तेल पिणं नव्हे. तेलाचा अगदी पातळ थर चांगला तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंफून एक टणक, काळा लेप तयार होतो. तो साध्या धुण्याने जात नाही, लोखंडाला गंजू देत नाही आणि पिठाला धातूपर्यंत पोचू देत नाही. नवा तवा आणला की आधी साबणाने घासून त्यावरचं कारखान्याचं तेल काढावं आणि आचेवर कोरडा करावा. मग शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल लावून, कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून घेऊन, धूर निघून थांबेपर्यंत तापवावा. निवला की परत तेच. अशा तीनचार फेऱ्या कराव्या. घाईने तेल जाड लावलं तर लेप चिकट होतो, बोट लावलं तर ओढल्यासारखं वाटतं. तो भाग घासून काढून पुन्हा सुरुवात करण्याखेरीज दुसरा इलाज नाही. हा लेप पहिल्या दिवशी पुरा होत नाही. सुरुवातीचे डोसे जाड आणि छोटे घालावेत, घावनंही चालतील. प्रत्येक वेळच्या तेलाने तवा सुधारत जातो.

बिघडतो मात्र लवकर. चिंच, टोमॅटो, कोकम यांची आंबट भाजी त्यावर शिजवली तर लेप विरघळू लागतो. तवा पाण्यात बुडवून ठेवला किंवा तारेच्या घासणीने घासला तर करडे डाग पडतात आणि पुढचा डोसा नेमका तिथेच धरतो. सर्वांत जास्त नुकसान पोळ्यांनी होतं. पोळीचा तवा कोरडा आणि कडक तापतो, लेप जळतो, शिवाय कोरडं पीठ त्यावर करपून बसतं. काम झाल्यावर तवा कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसावा, आचेवर कोरडा करावा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कागदात गुंडाळून ठेवला तर गंज चढत नाही. गंज दिसलाच तर तवा टाकू नका. गंज घासून काढा, पुन्हा मुरवा आणि डोशासाठी तो वेगळाच ठेवा. पोळ्यांना दुसरा तवा घ्या.