मधला गाळा सगळाच उलटा (लेखांक १२)

गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं की आज एक आधार खचला तर काय होतं ते पाहू. तो विषय पुढे ढकलतोय. मध्ये एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नानं दोन दिवस माझा पिच्छा सोडला नाही.

हे गृहस्थ एका शाळेच्या कामावर देखरेख करतात. इमारत जुन्या धाटणीची, विटांच्या भारवाहक भिंतींची. दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटरचे वर्ग, मध्ये दोन मीटरचा व्हरांडा, आणि चार भिंतींवरून आरपार जाणारी सलग बीम. ते लिहितात, "व्हरांड्यावरच्या बीमला वरच्या जाड सळया मधोमध कशाला? गाळा तर इतका लहान. आमचा फिटर म्हणतो, टॉपच्या एक्स्ट्रा सळया सपोर्टपासून गाळ्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत नेतात आणि तोडतात. मधल्या एक मीटरचं लोखंड वाचेल."

फिटरचा नियम त्याच्या जागी बरोबर आहे. गाळे सारखे असतात तिथे तो चालतो. इथे तो का चालत नाही हे सांगायला आपलं तीन मोमेंटचं समीकरण पुरे आहे. नेहमीच्या वाचकांना ते पाठ असेल, तरी समोर असू द्या:

M_A·L1 + 2·M_B·(L1 + L2) + M_C·L2 = −(w1·L1³ + w2·L2³)/4

भार सगळीकडे मीटरला २० किलोन्यूटन धरू. भिंती A, B, C, D. टोकाच्या भिंतींवर बीम नुसती टेकलेली, म्हणून M_A आणि M_D शून्य. खरं तर B साठी एक आणि C साठी एक अशी दोन समीकरणं मांडायला हवीत. पण डावं-उजवं सारखंच असल्यामुळे M_B आणि M_C एकच, त्याला M म्हणू. मग डाव्या बाजूला २ गुणिले (६ + २), म्हणजे १६ M, आणि त्यात शेजारच्या C मुळे आलेले २ M, एकूण १८ M. उजव्या बाजूला सहाचा घन २१६ आणि दोनचा घन ८. भाराने गुणून बेरीज ४४८०, तिचा चौथा हिस्सा ११२०, ऋण. म्हणून M झाला उणे ६२.२ किलोन्यूटन-मीटर.

त्या उजव्या बाजूकडे जरा थांबून पाहा. ४४८० मध्ये वर्गाचा वाटा ४३२० आणि व्हरांड्याचा फक्त १६०. लांबीचा घन असल्यामुळे व्हरांड्याचं मत जवळपास मोजलंच जात नाही. B आणि C वरचा मोमेंट वर्ग ठरवतात आणि व्हरांड्याला तो निमूटपणे सोसावा लागतो.

आता व्हरांड्याच्या मधोमध येऊ. एकटा दोन मीटरचा गाळा असता तर तिथे २० गुणिले ४ भागिले ८, म्हणजे अधिक १० मोमेंट आला असता. दोन्ही टोकांना उणे ६२.२ आधीच आहे. मध्यावर उरतो उणे ५२.२. म्हणजे या गाळ्यात खालची बाजू ताणली जाते अशी एकही जागा नाही. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत ताण वरच्याच बाजूला.

कुणी म्हणेल, वर्ग रिकामे आणि व्हरांड्यात मुलांची झुंबड उडाली तर? पाहू. २० पैकी १२ स्वतःचा कायमचा भार आणि ८ माणसांचा, असं समजा. वर्गांवर फक्त १२ आणि व्हरांड्यावर पूर्ण २० ठेवले, तर M येतो उणे ३८.२ आणि मध्यावर उणे २८.२. उलट वर्ग भरलेले आणि व्हरांडा मोकळा असेल, म्हणजे तास चालू असताना, तर मध्यावर उणे ५५.३. व्हरांडा रिकामा असतो तेव्हाच त्याच्या बीमची स्थिती सगळ्यात वाईट!

फिटरच्या हिशोबाने वरच्या सळया भिंतीपासून अर्ध्या मीटरवर तुटल्या. तिथला मोमेंट काढला तर उणे ५४.७ आहे. तो पेलायला उरतात रिंगा बांधायला घातलेल्या दोन बारीक सळया. बीम २३० बाय ४५० ची आणि काँक्रीट एम-२० धरलं, तर साधारण २४ किलोन्यूटन-मीटरलाच काँक्रीट चिरतं. पुढचं सांगायला नको.

अशी बीम मी एका वसतिगृहात पाहिली आहे. खालून पाहिलं तर बीमला ओरखडासुद्धा नाही, म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी दोनदा हात हलवत परत जाणं पसंत केलं. चीर होती वर, फरशीखाली, व्हरांड्याच्या लांबीला समांतर. फरशीच्या सांध्यांतून तिची रेघ उमटली होती. ओळखण्याची खूण हीच: बीमच्या बाजूच्या प्लॅस्टरवर चीर वर रुंद असते आणि खाली येता येता मिटत जाते. खालून सुरू होणाऱ्या चिरेची सवय झालेल्या डोळ्यांना ती दिसतच नाही.

एवढं होऊन बीम पडत का नाही? कारण व्हरांड्याने मोमेंट घ्यायचं नाकारलं की तो वर्गांकडे जातो. आपल्या हिशोबात वर्गाच्या गाळ्यातला सर्वात मोठा खालच्या ताणाचा मोमेंट ६१.६ आहे, टोकाच्या भिंतीपासून सुमारे अडीच मीटरवर. व्हरांड्याची बाजू अगदीच ढिली पडली तर तोच ९० पर्यंत जाऊ शकतो. खालच्या सळया मात्र ६२ च्या हिशोबाने टाकलेल्या असतात. चीर व्हरांड्यात पडते आणि वर्गाचं छत झुकतं. लोक मग वर्गातल्या बीमचीच दुरुस्ती करत बसतात.

हिशोब नको म्हणून आयएस ४५६ मधले तयार गुणांक वापरणाऱ्यांनी त्या कलमाची अट वाचावी: गाळ्यांतला फरक सर्वात मोठ्या गाळ्याच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. सहा आणि दोन तिथे बसत नाहीत. तरी ते गुणांक वापरले तर मधल्या गाळ्याला मधोमध धन मोमेंट मिळतो. चूक आकड्याची असती तर सुरक्षा गुणकाने पोटात घातली असती, पण इथे चिन्हच चुकतं आणि लोखंड चुकीच्या बाजूला जातं.

मधला गाळा किती लहान झाला की तो असा पालथा होतो, हे मी गंमत म्हणून काढून पाहिलं. भार सगळीकडे सारखा असेल तर बाजूच्या गाळ्याच्या साधारण ०.८४ पट. सहा मीटरच्या वर्गांमध्ये पाच मीटरचा दिवाणखाना ठेवला, तरी त्याच्या मधोमध मोमेंट जवळजवळ शून्य. एवढ्या मोठ्या गाळ्याला हे होतं याचं मला आजही नवल वाटतं. फक्त तिथे भार जागा बदलेल तसं चिन्हही बदलतं, म्हणून लोखंड वर-खाली दोन्हीकडे लागतं.

एक मर्यादा सांगून ठेवतो. हे सगळं भिंतीवर नुसत्या टेकलेल्या बीमचं आहे. आरसीसी खांबांत एकसंध ओतलेली बीम असेल तर खांब काही मोमेंट स्वतः घेतात आणि व्हरांड्याचा उणे आकडा बराच घटतो. तिथे फ्रेमचाच हिशोब करावा.

पत्रलेखकांना उत्तर: वरच्या सळया तोडू नका. व्हरांड्यावरून सरळ आरपार न्या आणि दोन्हीकडच्या वर्गांत, भिंतीच्या पुढे निदान १.८ मीटर जाऊ द्या. सुमारे ५.६ मीटरची एक सळई होते, मध्ये जोड नको. फिटरला लोखंड वाचवायचंच असेल, तर व्हरांड्याच्या खालच्या बाजूला किमान लागतं तेवढंच ठेवायला सांगा. स्लॅब टाकण्याआधी स्वतः वर चढून सळया मोजा.