गेनिचिरो घेतो ती परीक्षा

व्हिडिओ गेममधला ‘बॉस’ म्हणजे वाटेतल्या साध्या शत्रूंनंतर उभा ठाकणारा मोठा प्रतिस्पर्धी. त्याची ताकद वाढवली की लढत अवघड होते, पण चांगली होतेच असं नाही. चांगल्या लढतीत खेळाडू आधी जे शिकला त्याचाच कस लागतो. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखालच्या ‘सेकिरो’ (2019) या जपानी गेममधली गेनिचिरो आशिनाशी होणारी लढत याचा उत्तम नमुना आहे.

या गेममध्ये साध्या बचावाने न अडवता येणारा घातकी वार होणार असला की डोक्यावर लाल अक्षर चमकतं. पण भोसकणं असो वा पायांवरचा आडवा वार, अक्षर एकच! त्यामुळे नजर शत्रूच्या अंगावर ठेवावी लागते. तलवार सरळ रोखली असेल, तर मागे न हटता पुढे झेप घ्यायची आणि तिच्यावर पाय ठेवायचा. शत्रू खाली वाकून तलवार फिरवत असेल, तर उडी मारायची. हे घोटून घ्यायला गेमने हानबेई नावाचा माणूस ठेवला आहे. तो मरत नाही, त्यामुळे त्याच्यासोबत हवा तितका सराव करता येतो.

गेनिचिरो नेमकं इथेच धरतो. तो उंच उडी घेऊन जमिनीवर वार करतो आणि लगेच कधी भोसकतो, कधी आडवा वार करतो. सुरुवात सारखीच असल्याने पाठांतर कामाला येत नाही. उतरल्यावर त्याचं अंग कसं वळतं, ते क्षणभरात ओळखावं लागतं.

दोनदा हरल्यावर तो चिलखत उतरवतो. टप्पा बदलला हे सांगायला वेगळ्या सूचनेची गरज उरत नाही. आता तलवारीत वीज येते. नियम नवा आहे, पण हालचाल जुनीच: उडी. वीज हवेत असताना अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला टेकण्याआधी वार करायचा. ती उलटून त्याच्यावरच पडते. जमिनीवर उभं राहून ती अडवायला गेलात, तर झटका बसतोच. मला या लढतीतली हीच सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

उणीव एकच. तिसऱ्या टप्प्यात मेलात, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्याला वीज परतवायची युक्ती ठाऊक नाही, त्याला एका प्रयोगासाठी आधीची सगळी लढत पुन्हा खेळावी लागते. इतका उशिरा नवा नियम आणायचा, तर त्याची चुणूक आधी एखाद्या दुबळ्या शत्रूकडून दाखवलेली बरी.

असा टप्पा नीट जमला का, हे चाचणीला बसलेल्या खेळाडूकडून कळतं. तो किती वेळा मेला यापेक्षा कशामुळे मेला, हे त्याला सांगता येतं का ते पाहावं. “भोसकणार होता, मी उडी मारली,” असं उत्तर आलं तर लढत वाचता येते आहे. “काय झालं कळलंच नाही,” असं वारंवार ऐकू आलं, तर बॉसची ताकद कमी करून भागत नाही. वाराआधीची हालचाल अधिक ठळक करावी लागते, किंवा ती थोडी लांबवावी लागते.