स्पाउस व्हिसा : फाइल नेमकी कुणाच्या टेबलावर?

"नवरा सिटिझन आहे ना? मग काय, दोन महिन्यांत जाशील!" हे वाक्य नवरीला अक्षता पडायच्या आधीच ऐकू येतं. मग सणवार उलटतात आणि तोच मामा विचारतो, "अजून इथेच? काही प्रॉब्लेम आहे का?" प्रॉब्लेम बहुतेक वेळा काहीच नसतो. फाइल तिच्या वेगाने चाललेली असते. पण ती कुठे आहे, कुणाकडे आहे आणि आत्ता आपल्या हातात काय आहे, हे माहीत नसलं की मामाचा प्रश्न दिवसभर डोक्यात फिरत राहतो.

समजा, मुलगी पुण्याची आहे. मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो आणि अमेरिकेचा नागरिक झालेला आहे. लग्न पुण्यात झालं, महिनाभराने तो परत गेला. हे जोडपं काल्पनिक आहे, पण त्यांच्याभोवती जे गैरसमज फिरतात ते खरे आहेत.

गैरसमज : नागरिकाच्या बायकोला रांग नसते.

हे अर्धं खरं आहे. नागरिकाचा जोडीदार 'इमिजिएट रिलेटिव्ह' या वर्गात येतो आणि त्या वर्गाला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाच्या बायकोला ती आहे, म्हणून तिला व्हिसा बुलेटिनमधल्या तारखेकडे डोळे लावून बसावं लागतं. पण कोटा नाही म्हणजे काम पटकन होतं असं नव्हे. फाइल तीन कार्यालयांतून जाते आणि तिन्ही ठिकाणचं वाट पाहणं वेगळ्या जातीचं असतं.

पहिलं कार्यालय अमेरिकेची इमिग्रेशन सेवा, म्हणजे यूएससीआयएस. तिथे नवरा आय-१३० हा अर्ज भरतो. लग्न खरं आहे आणि अर्जदार खरोखर नागरिक आहे, एवढंच तिथे तपासलं जातं. मंजुरी मिळाली की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे फी भरायची, डीएस-२६० अर्ज भरायचा, नवऱ्याच्या उत्पन्नाची आणि तिची कागदपत्रं चढवायची. शेवटचा टप्पा मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतली मुलाखत. भारतातल्या इमिग्रंट व्हिसाच्या बहुतेक मुलाखती तिथेच होतात. दिल्ली, हैदराबादचे लोकही त्यासाठी मुंबईला येतात.

पहिल्या टप्प्यात आपण जवळजवळ काहीही करू शकत नाही. दुसऱ्यात उशीर बऱ्याचदा आपल्यामुळेच होतो. तिसऱ्यात पुन्हा रांग. जोडप्यांची भांडणं होतात ती बहुधा या तिन्ही टप्प्यांची गल्लत झाल्यामुळे. जिथे काही करता येत नाही तिथे ती रोज विचारते, "तू फोन केलास का?" आणि जिथे खरंच हातपाय हलवायचे असतात तिथे तो म्हणतो, "बघू शनिवारी."

गैरसमज : वेबसाइटवर जितके महिने दिसतात तितक्यात काम होतंच.

यूएससीआयएसच्या साइटवर अर्जाच्या प्रकारानुसार महिन्यांचा एक आकडा दिसतो. तो सरासरी नाही आणि वचन तर नाहीच. मागच्या सहा महिन्यांत निकाली निघालेल्या अर्जांपैकी ८० टक्के अर्ज जितक्या काळात संपले, तो हा काळ. म्हणजे पाचातला एक अर्ज त्याहून लांबतो, आणि त्यात कुणाचीही चूक नसते. शिवाय हा आकडा मागे काय झालं ते सांगतो. तुमचं पुढे काय होणार ते नाही. आज १४ महिने दिसत असेल तर सहा महिन्यांनी तिथे १६ दिसू शकतात.

दुसरा छळ त्या स्टेटसचा. अर्ज भरला की Case Was Received असं दिसतं आणि ते वाक्य महिनोन्‌महिने तसंच राहतं. कुणीतरी फाइल उघडून शंका घेत बसलं आहे, असं आपल्याला वाटतं. खरं तर बहुतेक काळ ती कुणी उघडलेलीच नसते. म्हणून रोज स्टेटस पाहण्यात अर्थ नाही. मंजुरी, नकार किंवा आणखी पुराव्याची मागणी, यातलं काहीही झालं तर नोटीस येतेच. आठवड्यातला एक वार ठरवावा, पाहायचं काम एकानेच करावं आणि दुसऱ्याने त्या दिवशीच विचारावं. हा नियम ऐकायला पोरकट वाटतो, पण भारत आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. बोलायला दिवसातला जेमतेम तासभर मिळतो. तो स्टेटसवर घालवायचा नसेल तर असं काहीतरी ठरवावंच लागतं.

घाई करून घेण्याचे मार्गही लोक सांगतात. वकील किंवा एजंट अर्ज नीट भरून देऊ शकतो, पण फाइल पुढे ढकलू शकत नाही. 'एक्स्पेडाइट'ची विनंती करता येते, पण ती गंभीर आजारपण, मोठं आर्थिक नुकसान अशा कारणांसाठी, आणि कारणाचे कागद जोडून. नवरा-बायको दूर राहताहेत हे कारण तिथे चालत नाही, कारण त्या रांगेत सगळेच नवरा-बायको दूर राहत असतात. भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयामार्फत चौकशी करता येते. त्याने उत्तर मिळतं, नंबर वर सरकत नाही.

गैरसमज : ठरवून झालेलं लग्न अधिकाऱ्याला पटवणं अवघड.

या भीतीपोटी लोक हजार-हजार पानांचे चॅट छापतात. मुंबईतला अधिकारी कांदेपोहे झालेली, दोन भेटींत ठरलेली लग्नं रोज पाहतो. लग्नाआधी चार वर्षं फिरल्याचे फोटो त्याला नको असतात. लग्न त्या घरांच्या रीतीप्रमाणे झालं आणि नंतरही नातं चालू आहे, एवढं त्याला दिसायला हवं. दोन्हीकडचे आईवडील असलेले फोटो, साखरपुडा, पत्रिका, हॉलची पावती, नवऱ्याची विमानाची तिकिटं, नंतरच्या काळातले थोडे थोडे संवाद, पैसे पाठवल्याची नोंद. थोडकं पण वेगवेगळ्या महिन्यांतलं असावं. एकाच आठवड्यातले दोनशे फोटो एका फोटोइतकंच सांगतात.

याच्याच जोडीला आणखी एक सल्ला फिरतो : फाइल चालू असताना नवऱ्याने भारतात येऊ नये. याला काहीही आधार नाही. तो नागरिक आहे, हवा तेव्हा येऊन जाऊ शकतो आणि त्याची प्रत्येक भेट म्हणजे नात्याचा पुरावाच. रजा शिल्लक असेल तर ती व्हिसा आल्यावरच्या सोहळ्यासाठी राखून ठेवू नका. अधल्यामधल्या महिन्यांत वापरा.

गैरसमज : कागद काय, मुलाखतीच्या आधी गोळा करू.

इथे जास्त थांबायला हवं, कारण महिने वाया जातात ते इथेच. पहिल्या टप्प्यातला रिकामा काळ कागदांसाठीच आहे.

सर्वांत आधी जन्मदाखला काढून वाचा. आपल्याकडच्या जुन्या नोंदींत बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. कधी आईचं नाव माहेरचं असतं, कधी स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नाही. जिथे जन्माची नोंद झाली त्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून नवा दाखला घ्यायला वेळ लागतो. नोंदच सापडत नसेल तर तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि सोबत शाळेचा दाखला, आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं असे दुय्यम पुरावे. कागद फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं. 'प्रमाणित' म्हणजे दोन्ही भाषा येणाऱ्या भाषांतरकाराने भाषांतर अचूक असल्याचं लिहून सही करणं. त्यासाठी नोटरीचा शिक्का लागतोच असं नाही.

लग्नाचा पुरावा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. मंगल कार्यालयाचं किंवा देवस्थानाचं पत्र त्याच्या जागी चालत नाही. नवरा परत जाणार असेल तर नोंदणी तो जायच्या आधी उरका.

पोलीस क्लिअरन्स मात्र फार लवकर काढू नये. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारं हे प्रमाणपत्र दोन वर्षांहून जुनं झालं तर पुन्हा काढावं लागतं. मुलीने सोळा वर्षांनंतर दुबईत किंवा सिंगापुरात वर्षभर काढलं असेल तर तिथलंही लागतं. त्याला वेळ जातो, हे आधीच लक्षात घ्यावं.

आणि आडनाव. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असं अमेरिकेचं म्हणणं नाही. व्हिसा पासपोर्टवर असलेल्या नावाने मिळतो. बदलायचं असेल तर खुशाल बदला, पण अगदी सुरुवातीला. अर्ज जुन्या नावाने, क्लिअरन्स नव्या नावाने आणि पासपोर्टचा नंबर तिसराच, असा घोळ मधेच झाला तर निस्तरताना नाकी नऊ येतात. सासूबाईंना हे नवऱ्याने समजावावं, सुनेवर सोडू नये.

एनव्हीसीत अर्धवट स्कॅन, मागचं पान न जोडलेला दाखला, कराचा एखादा राहिलेला कागद, अशा कारणांनी फाइल परत येते. दुरुस्त करून पाठवली की तपासणीच्या रांगेत पुन्हा थांबावं लागतं. म्हणून सबमिट करण्याआधी तिचे कागद त्याने आणि त्याचे तिने वाचावेत. आपल्या कागदातली चूक आपल्याला दिसत नाही.

गैरसमज : स्क्रीनवर Refused आलं म्हणजे सगळं संपलं.

मुलाखतीत अधिकारी एखादा कागद मागतो, २२१(जी) असं लिहिलेली चिठ्ठी देतो, आणि रात्री साइटवर Refused दिसतं. घरात रडारड होते. तांत्रिक भाषेत तो नकारच असतो, पण मागितलेला कागद दिला किंवा राहिलेली तपासणी पुरी झाली की त्याच फाइलवर व्हिसा मिळू शकतो. कागद द्यायला एक वर्षाची मुदत असते. चिठ्ठीवर काय मागितलं आहे ते नीट वाचावं, आणि तेवढंच द्यावं.

गैरसमज : तिकडे गेल्यावरही वर्षभर घरीच बसावं लागतं.

हा समज एच-४ व्हिसावर गेलेल्या मैत्रिणींच्या अनुभवातून आला आहे. इमिग्रंट व्हिसाचा प्रकार वेगळा. उतरताना पासपोर्टवर शिक्का बसला की तो व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डचं काम करतो. तरीही पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा व्हिसा हातात येण्याआधी देऊ नये. मुलाखतीची तारीख ही व्हिसाची तारीख नसते, आणि महिनोन्‌महिने रिकामं बसून वाट पाहणं नोकरी करत वाट पाहण्यापेक्षा फार जड जातं.

उशिराचा एकच फायदा नोंदवून ठेवतो. अमेरिकेत प्रवेश करायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा नवा अर्ज भरावा लागतो. दोन वर्षं उलटली असतील तर थेट दहा वर्षांचं. हिशेब प्रवेशाच्या दिवसावर होतो, व्हिसा छापल्याच्या दिवसावर नाही. त्यामुळे व्हिसावर सीआर-१ छापलं असेल आणि लग्नाचा दुसरा वाढदिवस अगदी तोंडावर असेल, तर तिकीट काढण्याआधी व्हिसाची मुदत तपासा. ती परवानगी देत असेल तर वाढदिवसानंतरचं विमान घ्या, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख स्वतःहून सांगा.