‘मी आले’ म्हणणारा मुलगा

न्यू जर्सीतला माझा सहा वर्षांचा भाचा व्हिडिओ कॉलवर धावत येऊन ओरडला, “मामा, मी आले!” आम्ही सगळे हसलो, आणि पुढचे कितीतरी दिवस तो आमच्याशी इंग्रजीच बोलला. चूक आमची होती. त्याच्या घरात मराठी बोलणारी एकटी आई, बाबा तेलुगू. आई म्हणते ‘मी जाते’, ‘मी विसरले’, मग तोही तसंच म्हणणार. पुण्यातल्या मुलाच्या कानावर आजोबांचं, मित्रांचं, रिक्षावाल्याचं ‘आलो’ दिवसभर पडत असतं.

वस्तूंचंही तसंच. इंग्रजीत चमचा, वाटी, ताट सगळ्यांना एकच सर्वनाम पुरतं. मराठीत तो चमचा, ती वाटी, ते ताट. भाचा गाणी मात्र बिनचूक म्हणायचा आणि लगेच ‘माझा वही’ मागायचा. पाठ झालेलं गाणं अख्खं गिळलेलं असतं, त्यातले शब्द सुटे होत नाहीत. म्हणून बहीण गाण्यातला शब्द मुद्दाम बदलते. बाहुलीच्या जागी चेंडू घातला, की पुढचं ‘माझी’ही बदलावं लागतं.

तिचा एक खेळ मला फार आवडला. टेबलावर चमचा, वाटी आणि ताट ठेवायचं. एक मनात धरून फक्त एवढंच सांगायचं: “मोठी आहे.” म्हणजे वाटीच! मग मुलाची पाळी. वाटी मनात धरून तो ‘मोठा आहे’ म्हणाला, तर आई सरळ चमचा उचलते. चूक दाखवायला कुणी लागत नाही, खेळच फसतो. यात दोन खाचा आहेत. लाल, गोल, मऊ ही विशेषणं बदलतच नाहीत, त्यामुळे मोठा, पिवळा, रिकामा अशीच घ्यायची. आणि ‘माझ्या मनातली वस्तू’ असं म्हणायचं नाही, कारण वस्तू स्वतःच ‘ती’ आहे. चमचाही मग ‘मोठी’ होतो. पेनसारखे शब्द आम्ही वगळतो. त्याला कुणी तो म्हणतं, कुणी ते, आणि भांडण मोठ्या माणसांतच लागतं.

‘आलो-आले’चा प्रश्न चिऊ-काऊच्या गोष्टीने सोडवला. तो कावळा, ती चिमणी, ते घर. तिन्ही लिंगं एकाच गोष्टीत. शेणाचं घर पावसात वाहून जातं, काऊ दारात भिजत उभा, आणि चिऊ बाळाची एकेक कामं काढून त्याला थांबवते. ही वाक्यं पुन्हापुन्हा येतात, म्हणून मुलाला ती आपसूक बोलता येतात. गोष्ट नुसती ऐकवली तर तो ऐकून घेतो. आम्ही ती कॉलवर वाटून घेतो. काऊ झाला की ‘भिजलो’, चिऊ झाला की ‘येते’. दोन्ही बरोबर, हसायला जागाच नाही.

परवा तो कावळा होता, मी चिमणी. बाळाला पावडर लावता लावता मी म्हणालो, “थांब हं, येतो!”

काऊ पावसात भिजायचा थांबला. “मामा,” तो म्हणाला, “चिऊ ‘येते’ म्हणते.”