लघुप्रबंधातले दुसरे प्रकरण

एम.एड.च्या लघुप्रबंधात दुसरे प्रकरण बहुधा ‘संबंधित संशोधनाचा आढावा’ या नावाने येते. बऱ्याच लघुप्रबंधांत त्याचा साचा ठरलेला असतो. आधी परदेशातील संशोधने आणि मग देशातील. प्रत्येकाचे शीर्षक, उद्दिष्टे, नमुना, निष्कर्ष आणि नंतर पुढचे नाव. असे प्रकरण वाचून कोणी काय केले हे समजते, पण त्यांपैकी किती गोष्टी खऱ्या ठरल्या हे समजत नाही. आकारिक मूल्यमापनाच्या विषयात हा साचा विशेष अपुरा पडतो, कारण इथले महत्त्वाचे अभ्यास एकमेकांशी सरळ जुळत नाहीत.

समजा, विषय आहे ‘सातवीच्या गणिताच्या वह्यांवर शिक्षकांनी लिहिलेले अभिप्राय’. आढाव्याची सुरुवात मायकेल स्क्रिव्हन यांच्यापासून करण्याची प्रथा आहे. त्यांनी १९६७ मध्ये अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासंदर्भात घडणीच्या टप्प्यावरचे आणि शेवटचे असा भेद केला, तर बेंजामिन ब्लूम यांनी तो विद्यार्थ्यांच्या शिकण्याला लावला. हा इतिहास दोन-तीन वाक्यांत संपवावा. या विषयाला खरा आधार मिळतो तो रॉइस सॅडलर यांच्या १९८९ च्या लेखात. विद्यार्थ्याला अपेक्षित पातळी माहीत हवी, आपले काम तिच्याशी ताडून पाहता यायला हवे आणि मधले अंतर कमी करणारी कृती करता यायला हवी, असे ते म्हणतात. ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ एवढाच शेरा या तिन्ही कसोट्यांवर अपुरा ठरतो. पुढचा प्रत्येक अभ्यास याच कसोटीवर तपासता येतो.

त्यानंतर रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग घ्यावा. त्यांनी इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना फक्त गुण, काहींना फक्त अभिप्राय आणि काहींना दोन्ही दिले. फक्त अभिप्राय मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी वाढली. गुण जोडताच अभिप्रायाचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. हा निष्कर्ष वारंवार उद्धृत होतो, पण त्या कृती खास रचलेल्या होत्या, शाळेतल्या गणिताच्या नव्हत्या, हे सहसा लिहिले जात नाही. आढाव्यात ती मर्यादा निष्कर्षाच्या शेजारीच यायला हवी. क्लुगर आणि डेनिसी यांचे १९९६ चे विश्लेषण याला जोडून येते. प्रत्याभरणाचा सरासरी परिणाम चांगला असला, तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा त्यामुळे कामगिरी घसरली, असे त्यांना आढळले.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांच्याबाबत. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या या दोघांनी १९९८ मध्ये सुमारे २५० अभ्यासांचा आढावा घेतला. त्याच वर्षी शिक्षकांसाठी लिहिलेल्या लेखात त्यांनी परिणाममान ०.४ ते ०.७ असल्याचे नमूद केले. परिणाममान म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या किती पट आहे, ते मोजणारा आकडा. ०.४ ते ०.७ ही कक्षा असंख्य लघुप्रबंधांत मूळ लेख न पाहता उतरवलेली दिसते. किंग्स्टन आणि नॅश यांनी २०११ मध्ये शेकडो अभ्यास चाळले, तेव्हा हिशेबाला पुरेशी माहिती असलेले फक्त १३ निघाले आणि भारित सरासरी ०.२० आली. त्यांच्या निवडपद्धतीवरही पुढे आक्षेप घेतले गेले. अशा वेळी एक बाजू गाळू नये. परिणाम आहे, पण त्याचा आकार कृती नेमकी कशी केली यावर ठरतो, असे लिहून दोन्ही आकडे द्यावेत.

महाराष्ट्रातले अभ्यास मांडताना वेगळाच प्रश्न येतो. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प, स्वाध्याय अशी आकारिक मूल्यमापनाची साधने ठरली. त्यांचे गुण धरले जातात आणि नोंदवहीत चढतात. त्यामुळे इथल्या एखाद्या सर्वेक्षणात ‘आकारिक मूल्यमापनाची अंमलबजावणी’ असे म्हटले असेल, तर त्यात नोंदी वेळेवर झाल्या का, एवढेच मोजलेले असू शकते. बटलर यांच्या प्रयोगात मोजलेली गोष्ट ती नव्हे. दोन्ही एकाच परिच्छेदात पुराव्यादाखल ठेवले, तर आढावा चुकतो. हे टाळण्यासाठी वाचतानाच तक्ता करावा आणि त्यात ‘मूल्यमापन म्हणजे प्रत्यक्षात काय केले’ असा एक स्तंभ ठेवावा. तो रिकामा राहिला, तर मूळ प्रबंध शोधगंगेवर उघडून प्रश्नावली पाहावी.

संशोधनातली उणीवही याच स्तंभातून निघते. ‘या विषयावर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य क्वचितच टिकते. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘अभिप्रायाचा परिणाम त्याच्या स्वरूपावर ठरतो, असे प्रयोग सांगतात. निवडलेल्या राज्यस्तरीय अभ्यासांत नोंदींचे प्रमाण तपासले आहे. वहीतल्या अभिप्रायानंतर विद्यार्थ्याने उदाहरण पुन्हा सोडवले का, हे तपासलेले नाही.’ यातून लघुप्रबंधाचे पहिले उद्दिष्ट ठरते आणि वहीत काय मोजायचे तेही. शेवटच्या प्रकरणात निष्कर्षांची चर्चा करताना याच परिच्छेदाकडे परत यावे लागते.